प्रकल्प नोंदी: केळीच्या डागाळलेल्या पानाचं वर्णन, वाचणारा माहीत नसताना

४ नोव्हेंबर

चोपडा तालुक्यातून आज एक फोटो अपलोड झाला. केळीचं पान, त्यावर डाग. सोबत एका ओळीचा निरोप: "याचं वर्णन लिहून द्या, लवकर पाहिजे." वर्णन कोण वाचणार, कशासाठी वाचणार, याबद्दल चकार शब्द नाही. फाइलचं नाव `karpa_2.jpg`.

आपल्या पीक-फोटो संग्रहात जळगाव, धुळे, नंदुरबारहून शेतकरी फोटो पाठवतात आणि प्रत्येक फोटोला आपण मराठीत वर्णन जोडतो. बहुतेक जण दोन शब्द तरी लिहितात: भावाला दिसत नाही म्हणून, शाळेत मुलांना वाचून दाखवायचंय म्हणून, कृषी सहायकांना फोनवर सांगायचंय म्हणून. इथे तसं काही नाही आणि असे फोटो पुढेही येणार, म्हणून या एका फोटोवरचं काम सविस्तर नोंदवून ठेवते.

निरोप वाचल्यावर डोळ्यांसमोर वेगवेगळी माणसं आली. फोनवर स्क्रीन रीडर लावून ऐकणारी, स्वतःची बाग असलेली दृष्टिहीन व्यक्ती. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात रेंज फार कमी असल्याने फोटो उघडतच नाही, नुसती अक्षरं तेवढी येतात, असा कुणी. फोटो न पाहता फोनवर सल्ला देणारा जाणकार. दोन वर्षांनी संग्रहात "केळी पान डाग" असं शोधणारा विद्यार्थी. प्रत्येकाची गरज निराळी. पण दोन गोष्टी सगळ्यांना लागू आहेत: त्यांच्यासमोर पान नाही, आणि यातला कुणीतरी माझ्या शब्दांवर विसंबून बागेत काहीतरी करणार आहे. यातला एक जण निवडून त्याच्यापुरतं लिहिण्यापेक्षा या दोन गोष्टी धरून लिहायचं ठरवलं.

पाठवणाऱ्याला एकच प्रश्न परत पाठवला: "हे वर्णन कोण वाचणार किंवा ऐकणार आहे, आणि त्यावरून काही ठरवायचं आहे का?" चार प्रश्न विचारले की उत्तर येत नाही, हे संग्रहाच्या कामात पुरेसं दिसलेलं आहे. "तुम्हाला दिसत नसल्यास" वगैरे काही लिहिलं नाही. पाठवणाऱ्याची दृष्टी चांगली असेल, ऐकणारा दुसराच असेल. तो अंदाज बांधायचा आपल्याला अधिकार नाही.

उत्तराची वाट पाहत काम थांबवलं नाही. "लवकर" म्हटलंय, म्हणून संध्याकाळच्या आत दोन वाक्यांचं छोटं वर्णन पाठवून दिलं आणि सविस्तर नंतर येईल असं कळवलं.

५ नोव्हेंबर

फोटो मोठ्या पडद्यावर उघडला. आधी काही न लिहिता चारही कोपरे पाहिले, मग मध्यावर आले. मधल्या वस्तूकडे नजर आपोआप जाते आणि कडेला असलेलं कामाचं राहून जातं.

डाव्या वरच्या कोपऱ्यातून उजव्या खालच्या कोपऱ्याकडे पानाची मधली शीर तिरपी गेली आहे. पानाचा शेंडा चौकटीत नाही, देठाचीही सुरुवात नाही. म्हणजे हा पानाचा मधला तुकडा. खालून एक हात पान धरून आहे आणि अंगठा पानाच्या वरच्या बाजूला टेकलेला आहे. शिरेला सुतळीने कागदाची पट्टी बांधली आहे. मागे अंधुक दिसणारी दुसरी पानं, जमिनीवर ठिबकची काळी नळी, आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात पांढऱ्या गोणीचा एक कोपरा.

पानाची कोणती बाजू आहे हे सांगायला हवं होतं, कारण डाग वरून आणि खालून वेगळे दिसतात. केळीच्या पानाच्या वरच्या बाजूला मधल्या शिरेत पन्हळीसारखी खोलगट रेघ असते आणि खालच्या बाजूला तीच शीर गोलसर वर आलेली असते. फोटोत पन्हळ स्पष्ट दिसते, म्हणजे ही वरची बाजू. हे नुसत्या अंदाजाने लिहिलेलं नाही, दिसतंय त्यावरून लिहिता येतं.

आता डाग. केळीच्या पानात बारीक शिरा मधल्या शिरेपासून कडेकडे एकमेकींना समांतर जातात. हे डाग लांबट आहेत आणि त्या बारीक शिरांच्याच दिशेने पसरलेले आहेत. मोठ्या डागांचा मधला भाग राखाडी, वाळलेला. त्याभोवती गडद तपकिरी काठ. त्याच्या बाहेर पिवळसर वलय. मधल्या शिरेजवळ डाग विरळ आहेत, कडेकडे दाट होत जातात. उजव्या कडेला ते एकमेकांत मिसळून कडेची पट्टी तपकिरी, वाळलेली आणि दोन ठिकाणी फाटलेली आहे. डागांमधली जागा हिरवी आहे.

आकार सेंटिमीटरमध्ये सांगता येणार नाही, फोटोत मोजपट्टी नाही. पण अंगठा आहे, त्यामुळे माप मिळतं: मोठे डाग अंगठ्याच्या नखाच्या साधारण निम्म्या लांबीचे आहेत. हाताचा उल्लेख वर्णनात एवढ्यासाठीच येईल. हात बाईचा की पुरुषाचा, वय किती, बोटात काय आहे, यातलं काहीही पानाबद्दल काही सांगत नाही आणि माणसाची ओळख उगाच उघडी करतं. ते गाळलं.

रंगाची तपासणी वेगळी केली. उजेड कलत्या उन्हाचा, सोनेरी आहे. मागच्या गोणीचा पांढरा कोपरा आणि अंगठ्याचं नख, दोन्ही फोटोत पिवळसर दिसतात. म्हणजे पानावरच्या पिवळेपणात उन्हाचाही वाटा आहे. "पान पिवळं पडलं आहे" असं लिहिलं असतं तर ते उन्हाचं वर्णन झालं असतं. वलयं मात्र शेजारच्या हिरव्या भागापेक्षा स्पष्ट फिकी आहेत, त्यामुळे तेवढं खात्रीने लिहिता येतं.

आणि ती पट्टी. तिच्यावर पेनाने "ओळ" आणि पुढे एक आकडा लिहिला आहे. शाई ओलीने फिसकटली आहे आणि आकडा १ आहे की ९, ते ठरत नाही. हाताने लिहिलेल्या या दोन आकड्यांत गफलत सहज होते. कितीही मोठं केलं तरी उपयोग होईना. पुसट शाई मोठी केली की मोठी पुसट शाई दिसते. तेव्हा "१ किंवा ९" असंच लिहायचं.

७ नोव्हेंबर

सहकाऱ्याने माझ्या नोंदी पाहून सुटसुटीत वाक्य सुचवलं: "करपा रोगाची लागण झालेलं केळीचं पान." वाक्य छोटं आहे, शोधायला सोपं आहे आणि बहुधा खरंही आहे. राखाडी मध्य, गडद काठ, पिवळं वलय, शिरांना समांतर लांबट डाग ही करप्याची, म्हणजे सिगाटोकाची, ओळखीची लक्षणं आहेत. त्यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं.

माझी हरकत अशी. आपल्या भागात केळीच्या पानावर पिवळेपणा किंवा डाग दिसण्याची कारणं बरीच आहेत. कुकुंबर मोझॅक विषाणूमुळे होणाऱ्या रोगाला इकडे शेतकरी हरण्या म्हणतात. त्यातही पिवळसर तुटक पट्टे बारीक शिरांच्या दिशेनेच जातात. पालाशाची कमतरता असली तर जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या पडून वाळतात. हिवाळ्यात थंडीचा चरका बसतो. प्रत्येकाचा उपाय वेगळा. करप्यात पानाचा रोगट भाग कापून बागेबाहेर काढतात आणि बुरशीनाशक फवारतात. हरण्यावर औषध नाही, मावा तो पसरवतो, म्हणून रोगट झाड उपटून नष्ट करायला सांगतात. म्हणजे वर्णनातल्या एका नावावर झाड राहणार की जाणार हे ठरू शकतं. आणि ते नाव लिहिणारी मी एका तुकड्याचा, एका बाजूचा, सोनेरी उजेडातला फोटो पाहतेय.

सहकाऱ्याचा मुद्दाही खरा होता. तो म्हणाला, रोगाचं नाव टाळता टाळता "पानावर काही डाग दिसतात" असं लिहून मोकळे झालो तर ते कुणाच्याच कामाचं नाही. मला हे पूर्ण मान्य आहे. नाव न घेण्याची भरपाई तपशिलाने करावी लागते. डागाचा आकार, दिशा, मधला रंग, काठाचा रंग, कुठे दाट आणि कुठे विरळ, हे सगळं लिहिलं तर जाणकार ऐकणारा स्वतः नावापर्यंत पोचतो, आणि नवखा माणूस जाणकाराला फोनवर तेच शब्द वाचून दाखवू शकतो. "डाग" आणि "पट्टे" यांतला फरक तर काटेकोर ठेवलाच पाहिजे, कारण नेमका तोच फरक पुढे कुणीतरी विचारणार.

मग फाइलच्या नावाचं काय? पाठवणाऱ्याने स्वतः फाइलला "करपा" नाव दिलंय. ती माहिती आहे, पण फोटोतली नाही. म्हणून ती वर्णनात येईल, मात्र कुणाची आहे ते सांगून: "पाठवणाऱ्याने फाइलला करपा असं नाव दिलं आहे." त्यामुळे शोधणाऱ्याला शब्द मिळतो, ऐकणाऱ्याला शेतकऱ्याचा संशय कळतो, आणि निदान माझ्या तोंडी जात नाही. सहकाऱ्यालाही हे पटलं.

९ नोव्हेंबर

आज मांडणी. वेबवरच्या सुलभतेच्या WCAG या मार्गदर्शक तत्त्वांत 1.1.1 हा निकष आहे: चित्राला असा मजकूर द्या की चित्र जे काम करतं तेच काम तो मजकूर करेल. निकष चांगला आहे, पण इथे चित्राचं कामच ठाऊक नाही. एवढं मात्र नक्की की हा फोटो शोभेचा नाही. शोभेच्या चित्राचा `alt`, म्हणजे चित्राला कोडमध्ये जोडलेला पर्यायी मजकूर, रिकामा ठेवतात म्हणजे स्क्रीन रीडर ते ओलांडून पुढे जातो. इथे फोटो हाच मजकूर आहे, त्यामुळे रिकामा ठेवण्याचा प्रश्न येत नाही. आणि `alt` लिहिलाच नाही तर बरेच स्क्रीन रीडर फाइलचं नाव वाचतात. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानावर पडेल फक्त "करपा टू", आणि निदान तिथेच होऊन बसेल.

वर्णन दोन भागांत केलं. `alt` मध्ये छोटं आणि फोटोखाली साध्या परिच्छेदांत मोठं. `alt` मध्ये परिच्छेद टिकत नाहीत, सगळं एका दमात वाचलं जातं. तिथे लांबलचक काही घातलं की ऐकणाऱ्याला हवा तो भाग पुन्हा गाठणं अवघड होतं. खालचा मजकूर मात्र परिच्छेदागणिक पुढेमागे करता येतो, डोळ्यांनी वाचणाऱ्यालाही दिसतो, रेंज कमी असली तरी उघडतो आणि कॉपी करून कुणालाही पाठवता येतो. वाचणारा अज्ञात असताना हे फार उपयोगी आहे, कारण `alt` स्क्रीन रीडरवाल्यालाच सहज मिळतो. बाकीच्यांना तो फोटो नीट उघडला तर दिसतही नाही.

```html
<img src="karpa_2.jpg" lang="mr"
 alt="केळीच्या पानाचा मधला भाग, वरची बाजू.
 राखाडी मध्य आणि पिवळसर वलय असलेले लांबट
 डाग; कडेला दाट. सविस्तर वर्णन खाली.">
```

"फोटो" हा शब्द सुरुवातीला मुद्दाम नाही. स्क्रीन रीडर चित्रावर आला की चित्र असल्याचं स्वतःच सांगतो, त्यामुळे "चित्र, फोटो, केळीच्या..." असं दुहेरी ऐकू येतं. खालच्या मोठ्या वर्णनात मात्र "जवळून घेतलेला फोटो" म्हटलंय, कारण तो मजकूर सुटा करून कुठेही जाऊ शकतो. `lang="mr"` नसलं तर देवनागरी मजकूर हिंदी आवाजात वाचला जाण्याची शक्यता असते आणि मग आपले उच्चार बिघडतात.

क्रम असा ठेवला: आधी वस्तू काय आहे, मग डाग, मग पट्टीवरची अक्षरं, मग आजूबाजू, आणि शेवटी फोटोवरून जे कळत नाही ते. कुणी पहिल्या वाक्यानंतर थांबला तरी त्याच्या हाती खरं काहीतरी असेल.

१२ नोव्हेंबर

मसुदा तिघांना ऐकवला. तिघांनाही फोटो दाखवला नाही.

पहिल्या ताई जळगावला शिकवतात, त्यांना जन्मापासून दिसत नाही. त्यांनी फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर लावून नेहमीच्या, म्हणजे माझ्या कानाला झेपणार नाही अशा, वेगात ऐकलं. पहिलाच आक्षेप: "उजवीकडे म्हणता ते पानाच्या उजवीकडे की फोटोच्या?" मसुद्यात "उजवी कड" होतं. पान तिरपं धरलेलं असताना उजवं म्हणजे काय, हे फोटो पाहणाऱ्यालाच कळतं. आता "मधल्या शिरेपासून बाहेरच्या कडेकडे" असं केलं. ज्याने आयुष्यात केळीच्या पानावर जेवण केलंय त्याच्या बोटांना शीर आणि कड दोन्ही ठाऊक असतात, त्यामुळे दिशा पानातच बांधता येते. रंग गाळावेत का, हेही त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "अजिबात गाळू नका. मला राखाडी दिसत नाही, पण डॉक्टरला किंवा भावाला सांगताना मला तोच शब्द लागतो." त्यांनी आणखी एक दाखवलं: सहकाऱ्याने मसुद्यात माप घालायचं म्हणून "से.मी." लिहून ठेवलं होतं, ते "से" "मी" असं तुटक ऐकू येत होतं. माप तसंही गेलं. आणि पुढे कुठे आलंच तर पूर्ण शब्द लिहायचा.

दुसरे नाना. त्यांची स्वतःची मृगबाग, म्हणजे मृगाच्या सुमारास लावलेली केळीची बाग, आहे. त्यांना फोनवरून वाचून दाखवलं. डागांचं वाक्य संपायच्या आत त्यांनी अडवलं: "ते समदं ऱ्हाऊ दे, पान नवं शे का जुनं?" त्यांच्या लेखी पहिला प्रश्न हाच. पोंग्यातून नुकतंच सुटलेलं पान डागाळलेलं असणं आणि खालचं जुनं पान डागाळलेलं असणं, यात बागेच्या दृष्टीने फार अंतर आहे. फोटोवरून याचं उत्तर मिळत नाही. पण "मिळत नाही" हे शेवटच्या परिच्छेदात दडलं होतं, ते वर आणलं, अगदी डागांच्या आधी. ज्याच्यावाचून बाकीचं वर्णन चुकीच्या दिशेला जाऊ शकतं, ते न दिसणं लवकर सांगायला हवं.

तिसरे, केळी पट्ट्यात काम केलेले कृषी सहायक. त्यांनी शांतपणे पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, "करपा वाटतोय, पण पानाची खालची बाजू आणि अख्खं झाड पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही. वरून कितव्या पानापासून डाग सुरू होतात ते सांगा." ते स्वतःहून त्या नावापर्यंत पोचले आणि स्वतःहून तिथे थांबलेही. वर्णनाकडून माझी एवढीच अपेक्षा होती.

१३ नोव्हेंबर

संग्रहात चढवलेलं सविस्तर वर्णन:

> केळीच्या एका पानाचा जवळून घेतलेला फोटो. पानाची वरची बाजू दिसते. पानाचा मधला भागच चौकटीत आहे. शेंडा, देठ आणि झाड दिसत नाही, त्यामुळे पान नवं की जुनं ते कळत नाही.
>
> पानावर बरेच लांबट डाग आहेत. ते मधल्या शिरेपासून कडेकडे जाणाऱ्या बारीक शिरांच्या दिशेने पसरलेले आहेत. मोठ्या डागांचा मध्य राखाडी आणि वाळलेला, काठ गडद तपकिरी, आणि बाहेर पिवळसर वलय आहे. असा डाग पान धरलेल्या हाताच्या अंगठ्याच्या नखाच्या साधारण निम्म्या लांबीचा आहे. मधल्या शिरेजवळ डाग विरळ आहेत, बाहेरच्या कडेकडे दाट. एका बाजूची कड डाग मिसळून तपकिरी झाली आहे, वाळली आहे आणि दोन ठिकाणी फाटली आहे. डागांच्या मधला भाग हिरवा आहे.
>
> मधल्या शिरेला सुतळीने कागदाची पट्टी बांधली आहे. तिच्यावर पेनाने "ओळ" आणि एक आकडा लिहिला आहे. शाई पसरल्यामुळे आकडा १ किंवा ९ असा वाचता येतो.
>
> मागे केळीची इतर पानं अंधुक दिसतात. जमिनीवर ठिबकची नळी आहे. उजेड सोनेरी आहे, त्यामुळे रंग आहेत त्यापेक्षा पिवळे दिसत असावेत.
>
> पाठवणाऱ्याने फाइलला "करपा" असं नाव दिलं आहे. पानाची खालची बाजू या फोटोत नाही.

गोणीचा कोपरा शेवटी काढला. रंग तपासायला तो मला उपयोगी पडला, पण ऐकणाऱ्याला त्याचा निष्कर्ष हवा, गोणी नको. ठिबकची नळी ठेवली. पाण्याची पद्धत सल्ला देणाऱ्याला लागू शकते. यावर सहकाऱ्याचं मत वेगळं आहे, त्याला नळीही जास्तीची वाटते. वाचणारा कळला असता तर कदाचित त्याचंच ऐकलं असतं.

"असावेत" हा शब्द अख्ख्या वर्णनात एकाच जागी आहे. प्रत्येक वाक्याला "बहुधा", "वाटतं" लावत गेलं की खरोखर संशयाची जागा कोणती, ते ऐकणाऱ्याला ओळखता येत नाही.

१८ नोव्हेंबर

आपल्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, पण त्याच खात्यावरून दुसरा फोटो आला, `karpa_3.jpg`. निरोप जवळपास तोच. यात अख्खं झाड आहे, दुपारच्या उन्हात घेतलेलं. वरची तीन उघडलेली पानं स्वच्छ हिरवी दिसतात, चौथ्यापासून डाग सुरू होतात आणि खाली वाढत जातात. खालून तिसऱ्या पानाच्या शिरेला सुतळीने पट्टी बांधली आहे आणि तिच्यावर "ओळ ९" स्वच्छ वाचता येतं; हा फोटो बहुधा शाई फिसकटण्याआधी घेतलेला असावा.

ही तीच पट्टी का, याची खात्री करून घेतली. ओळीतल्या दुसऱ्या कुठल्या झाडालाही पट्टी बांधलेली असू शकते, निव्वळ "ओळ" या शब्दावरून एक धरता येणार नाही. दोन्ही फोटो शेजारी ठेवले. दोन्हींत कागदाचा खालचा डावा कोपरा फाटलेला, सुतळीला दोन गाठी, आणि शेजारच्या कडेवर पान त्याच दोन ठिकाणी फाटलेलं. एवढं जुळल्यावर पान एकच आहे असं मानलं.

तरी पहिल्या फोटोच्या वर्णनातली मूळ वाक्यं बदलली नाहीत. त्या फोटोत आकडा पुसटच आहे आणि पान कितवं हे दिसतच नाही; वर्णन त्या फोटोचं आहे. खाली तारीख घालून पुरवणी जोडली: "१८ नोव्हेंबर: याच पानाचा दुसरा फोटो संग्रहात आहे. त्यावरून ओळ ९, झाडाचं खालून तिसरं पान. वरची तीन पानं डागांशिवाय दिसतात." कुणाला पहिला फोटो एकटाच मिळाला तर त्याला फोटोत आहे तेवढंच मिळेल, आणि ज्याला जोड हवी त्याला ती कुठून आली हेही कळेल.

दुसऱ्या फोटोच्या वर्णनात डागांची रचना पुन्हा लिहिली नाही, इतक्या लांबून ती दिसतही नाही. "जवळून पाहण्यासाठी पहिला फोटो" असा दुवा दिला. पानाची खालची बाजू अजूनही कुठल्याच फोटोत नाही, ते मात्र दोन्हीकडे लिहिलंय.

नानांना दुसरं वर्णन ऐकवलं. "म्हंजे वरना पानं चांगला शेतस," एवढं म्हणून ते लगेच घडांची विचारपूस करायला लागले. घड फोटोत दिसत नाही, हे वर्णनात आधीपासून आहे.

२१ नोव्हेंबर

अपलोडच्या फॉर्ममध्ये बदल करून घेतला. "वर्णन कोणासाठी?" ही चौकट ठेवली, पण सक्तीची केली नाही, सक्ती केली की लोक "सर्वांसाठी" लिहून पुढे जातात आणि आपण होतो तिथेच राहतो. तिच्याखाली केळीपुरत्या दोन चौकटी नव्या टाकल्या: "वरून कितवं पान?" आणि "पानाची खालची बाजू दाखवणारा फोटो आहे का?" वाचणारा कोण हे कळलं नाही तरी यांची उत्तरं वर्णनात थेट घालता येतात, अर्थात पाठवणाऱ्याच्या नावावर. कापसासाठी आणि मिरचीसाठी याच जागी कोणते प्रश्न लागतील, ते नंदुरबारकडच्या शेतकऱ्यांना विचारून पुढच्या आठवड्यात ठरवायचं आहे.